पार्सल परत आलं, पाटी मात्र राहिली

२०२३ च्या दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीचं दुकान बंद पडलं. दुकान म्हणजे रस्त्यावरचा गाळा नव्हे. धायरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती आणि भाऊजी लाकडी शेल्फ, किल्ल्या अडकवायच्या पट्ट्या, देव्हाऱ्यामागची नक्षीदार फळी असं घरसजावटीचं सामान बनवतात आणि एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर विकतात. परतीचं प्रमाण वाढलं म्हणून त्या बाजारपेठेने खातं तपासणीसाठी थांबवलं. अकरा दिवस एकही ऑर्डर आली नाही, आधीच्या विक्रीचे पैसेही अडकले. दोन कारागिरांचा पगार आणि शेडचं भाडं ताईने सोनं गहाण ठेवून दिलं.

नंतर आम्ही दोघी वही घेऊन बसलो. वर्षभरातल्या दर शंभर ऑर्डरींपैकी ब्याण्णव त्या एकाच ठिकाणाहून आलेल्या होत्या. पाच वर्षांत हजारो घरांत तिचं सामान गेलं होतं, पण त्यातल्या एकाही घराचा फोन नंबर तिच्याकडे नव्हता. बाजारपेठ तो देतच नाही.

ही गोष्ट तिच्या एकटीची नाही. एप्रिल २०२२ मध्ये एट्सी या हस्तकलेच्या जागतिक बाजारपेठेने विक्रीवरचं शुल्क ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के केलं, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली दुकानं बंद ठेवली. शुल्क काही कमी झालं नाही. दुसरीकडे गिऱ्हाईक नसलेल्या विक्रेत्याच्या संपाला फारसं बळ नसतं.

ताईने पहिल्यांदा केलं ते बहुतेक सगळेच करतात: वेबसाइट बनवून घेतली. बाराशे रुपयांचं तेच शेल्फ तिथे मांडलं आणि फोनवर दिसणाऱ्या जाहिराती सुरू केल्या. कमिशन वाचलं म्हणजे नफा वाढणार, असा सरळ हिशेब होता. तो का चुकला, हे समजून घेण्यासारखं आहे.

बाजारपेठेवर बाराशेच्या शेल्फमागे कमिशन, पाठवणी, तिथलीच जाहिरात आणि परत आलेल्या मालाचा वाटा मिळून सुमारे पाचशे रुपये कापले जात. लाकूड, मजुरी, पॉलिश आणि खोका यांचे चारशे ऐंशी गेले की हातात दोनशेवीसच्या आसपास उरत. वेबसाइटवर कमिशन नव्हतं, पण एक ऑर्डर मिळवायला जाहिरातीवर सरासरी चारशे रुपये जाऊ लागले. त्यावर कुरिअर आणि पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीचे दोनेक टक्के. उरायचे दीडशे, आणि तेही पार्सल परत आलं नाही तरच. पहिल्या महिन्यातल्या तीस पार्सलांपैकी नऊ परत आली. ‘घरी आल्यावर पैसे’ म्हणून मागवलेलं, दारात नाकारलेलं. जायचं भाडं तिचं, यायचंही तिचं. वर एका शेल्फचा कोपरा फुटलेला.

चहा, मसाला किंवा साबण विकणारा माणूस पहिल्या ऑर्डरीत तोटा सोसू शकतो, कारण ते गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात परत येतं. भिंतीवरचं शेल्फ माणूस एकदा घेतो आणि सात-आठ वर्षं भिंतीकडे बघत नाही. जाहिरातीचा सगळा खर्च त्या एकाच ऑर्डरीतून वसूल व्हावा लागतो. घरसजावटीच्या धंद्यात थेट विक्री अडते ती बहुधा इथे. म्हणून वेबसाइट कुठल्या कंपनीकडून करून घ्यावी हा पुढचा प्रश्न. आधी बघायचं की आपल्या मालापैकी कोणती वस्तू माणसं एकमेकांना दाखवतात, एकमेकांसाठी विकत घेतात.

ती वस्तू ताईच्या शेडमध्येच होती. भाऊजींनी स्वतःच्या दारासाठी एक सागवानी पाटी केली होती. त्यावर पितळी अक्षरांत दोघांची नावं, खाली बारीक वेल. शेजारच्या इमारतीत फ्लॅटचे ताबे मिळायला लागले तेव्हा दोघातिघांनी तशीच पाटी मागितली. बाजारपेठेचा सगळा कारभार एकसारख्या, आधीच तयार असलेल्या, पटकन पाठवायच्या मालावर चालतो. नावाच्या पाटीत मात्र दर वेळी बोलणं होतं. आडनाव आधी की नाव, सासूबाईंचं नाव घालायचं का, ‘कुलकर्णी’ मोडीच्या वळणाने लिहिता येईल का, असे प्रश्न निघतात. हे बोलणं मोठ्या बाजारपेठेला अडचणीचं, घरगुती कारखान्याला फायद्याचं. ताईने ठरवलं की शेल्फ आहे तिथेच राहू देत, पाट्या फक्त थेट विकायच्या. माल वेगळा असल्यामुळे एकाच वस्तूची दोन ठिकाणी दोन भावांनी विक्री होण्याचा पेचही आला नाही.

पाटीचा व्यवहार कसा होतो ते मी शेडमध्ये बसून पाहिलं आहे. व्हॉट्सॲपवर दाराचा फोटो येतो. ताई विचारते, ‘दरवाजाशेजारची भिंत किती रुंद? मोजून सांगा, अंदाजे नको.’ मग मोजमाप, लाकूड, भाव. निम्मे पैसे यूपीआयने आगाऊ घेते, त्यामुळे दारात नाकारण्याचा प्रश्नच संपतो. यूपीआयवर दुकानदाराला शुल्कही नाही. मग कागदावर खऱ्या मापात नाव काढून त्याचा फोटो पाठवला जातो आणि गिऱ्हाइकाने ‘अक्षर न् अक्षर बरोबर आहे’ असं लिहून दिल्याशिवाय पितळ कापायला जात नाही. हा नियम एका चुकीतून आला. ‘प्रीति’ ऱ्हस्व की दीर्घ हे विचारायचं राहिलं, पाटी पुन्हा करून द्यावी लागली आणि आठशे रुपयांचं पितळ वाया गेलं. नाव घातलेली पाटी परत घेतली जाणार नाही, हेही ती पैसे घेण्याआधी लिहून कळवते.

गिऱ्हाईक येतं कुठून? पहिला रस्ता प्रदर्शनाचा. दिवाळीआधी पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांत शनिवार-रविवारी टेबलं लागतात, टेबलाचं भाडं परवडतं. तिथे ताई पाट्या थोड्याच विकते, पण नंबर मिळवते. तिच्या रजिस्टरला एक वेगळा रकाना आहे: ‘सणाआधी निरोप पाठवू का?’ ज्यांनी हो लिहिलं त्यांनाच ती निरोप पाठवते, तेही वर्षातून तीनदा. यात एक बारीक अडचण आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टचा निरोप ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर साठवलेला असतो त्यांनाच पोचतो आणि एका यादीत जास्तीत जास्त २५६ माणसं बसतात. पहिल्या वर्षी तिने दीडशे नंबर जमवले आणि निरोप जेमतेम चाळीस जणांना पोचला. आता ती टेबलापाशीच माणसाला नंबर साठवायला लावते आणि त्याच्याकडून ‘पाटी’ असा एक शब्द पाठवून घेते.

दुसरा रस्ता अंतर्गत सजावट करणाऱ्यांचा. धायरी, वारजे, बाणेर भागातल्या तीन जणांशी तिने बोलणं केलं. त्यांना प्रत्येक पाटीमागे पंधरा टक्के मिळतात. कमिशन इथेही आहेच, पण ऑर्डर पक्की झाल्यावरच द्यायचं, आणि घरमालकाचा नंबर ताईकडे येतो. एका नव्या इमारतीत एक पाटी लागली की मजल्यावरच्या बाकीच्या दारांना ती दिसते. एका इमारतीतून तिला सतरा पाट्या मिळाल्या आणि त्यावर जाहिरातीचा एक रुपयाही गेला नाही. तिसरा रस्ता अहेराचा. ज्याने स्वतःची पाटी केली तोच पुढे भावाच्या, भाचीच्या गृहप्रवेशाला पाटी देतो. त्या गिऱ्हाइकाला शेल्फ दुसऱ्यांदा नको असतं, पण पाटी दुसऱ्यासाठी हवी असते.

या काळात एक चूक ताईकडून थोडक्यात टळली. बाजारपेठेवरून जाणाऱ्या शेल्फच्या खोक्यात ‘पुढच्या वेळी थेट आम्हाला फोन करा’ असं कार्ड टाकायचं तिच्या मनात होतं. तिने आधी अटी वाचल्या. गिऱ्हाईक बाहेर वळवण्याला तिथे सक्त मनाई होती, आणि बहुतेक बाजारपेठांत ती असते. असं कार्ड सापडलं तर खातंच जातं. खोक्यावर आणि वस्तूमागे आपल्या कारखान्याचं नाव नीट छापलेलं असलं की ज्याला शोधायचं तो शोधतो. गूगलच्या नकाशावर शेडची फुकट नोंद करून तिने ते शोधणं सोपं केलं.

शेल्फही आता थोडी थेट विकली जातात, पण खोका बदलल्यावर. कुरिअरवाला वजनाबरोबर आकारही मोजतो. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुतेक कंपन्या त्याला ५००० ने भागतात, आणि ते आकडी वजन व खरं वजन यांतलं जे जास्त त्याचं भाडं लावतात. जोडलेल्या शेल्फचा खोका ६० × ४० × १५ सेंटीमीटरचा होता. म्हणजे ७.२ किलोचं भाडं, आणि आतलं सामान सव्वादोन किलोचं! भाऊजींनी शेल्फ सुट्या फळ्यांचं केलं. आता घरी चार स्क्रू पिळून जोडायचं. खोका ६२ × २२ × ७ वर आला, आकडी वजन दोन किलोच्याही खाली गेलं. भाडं निम्म्याहून कमी झालं आणि कोपरे फुटणंही थांबलं. हलका पण मोठ्या आकाराचा माल विकणाऱ्याने वेबसाइटवर खर्च करण्याआधी हा गुणाकार करावा.

ती वेबसाइट आज आहेच, पण नमुने, मापं आणि भाव दाखवायला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तिथे विक्रेत्याचं नाव, पत्ता, परतीच्या अटी आणि तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीचं नाव दिलेलं आहे. जीएसटी नोंदणी बाजारपेठेमुळे आधीपासून होतीच. थेट विक्रीची बिलं आणि कर मात्र आता तिलाच वेळेवर भरावा लागतो, आणि त्यात महिन्याचे दोन दिवस जातात. फोनवरचं बोलणंही वेळ खातं. दिवसाला पाचापेक्षा जास्त पाट्यांची चौकशी आली की तिची ओढाताण होते. थेट विक्रीची ही खरी मर्यादा आहे. आणखी एक माणूस ठेवल्याशिवाय ती ओलांडता येत नाही.

वहीत आता एक नवा रकाना आहे: ऑर्डर कुठून आली. बाजारपेठेचा वाटा ब्याण्णववरून पंचावन्नावर आला आहे. ताईला तो शून्यावर न्यायचा नाही, कारण बंगळुरू-दिल्लीची अनोळखी माणसं तिला तिथेच भेटतात. तिचं माप वेगळं आहे: तिथली विक्री महिनाभर थांबली तर बाकीच्या रस्त्यांवरून शेडचं भाडं आणि दोघांचे पगार निघतात का? गेल्या सहा महिन्यांपैकी पाच महिने ते निघाले. जून महिन्यात निघाले नाहीत, कारण पावसाळ्याच्या तोंडावर गृहप्रवेश कमी होतात. म्हणून येत्या मे महिन्यातच ती कोकणातल्या होमस्टेवाल्यांकडे खोल्यांच्या पाट्यांचे नमुने घेऊन जाणार आहे.