सलूनचा मेसेज: कापायचे काय, ठेवायचे काय

दिवाळी तोंडावर आली की सलूनवाल्यांची धांदल उडते. हेअर स्पा, फेशियल, क्लीनअप यांची पॅकेजे ठरतात, दारावर बॅनर लागतो आणि जुन्या ग्राहकांना एसएमएस पाठवायचा विषय निघतो. मजकूर बहुधा मागच्या वर्षीचाच असतो, तारीख बदलून पुढे ढकललेला. समजा, पुण्यात कोथरूडला ‘रूपा’ नावाचे एक सलून आहे आणि त्याचा मेसेज असा आहे:

```
प्रिय ग्राहक, सणासुदीच्या निमित्ताने आमच्या रूपा सलूनमध्ये तुमच्यासाठी खास ऑफर! हेअर स्पा आणि फेशियलवर तब्बल ३०% सूट! ही संधी दवडू नका. आजच संपर्क साधा. अटी लागू.
```

वाचायला ठीक वाटतो. पण हा एक एसएमएस नाही, तीन आहेत. सलूनच्या यादीत हजार ग्राहक असतील, तर बिल तीन हजार मेसेजचे येईल. एवढे पैसे मोजूनही ग्राहकाला किंमत कळत नाही, शेवटची तारीख कळत नाही, कोणत्या नंबरवर संपर्क साधायचा तेही कळत नाही. असे मेसेज नको असतील तर काय करायचे, याचा तर उल्लेखच नाही.

तीन कसे झाले, ते समजायला एसएमएसच्या जन्माकडे थोडे मागे जावे लागते. १९८५च्या सुमारास जर्मनीतले अभियंते फ्रिडहेल्म हिलेब्रांट यांनी टाइपरायटरवर रोजच्या वापरातली वाक्ये टाइप करून त्यांची लांबी मोजली. बहुतेक वाक्ये १६० अक्षरांच्या आत बसतात, असे त्यांना दिसले. मोबाइल यंत्रणेत एका मेसेजसाठी १४० बाइटची जागा ठरली आणि रोमन लिपीचे प्रत्येक अक्षर सात बिटांत बसवल्यामुळे तिच्यात १६० अक्षरे मावली. देवनागरी त्या सात बिटांच्या तक्त्यात नाही. तिच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून त्याच जागेत मराठीची फक्त ७० चिन्हे मावतात. मजकूर त्याहून लांबला की त्याचे तुकडे होतात. हे तुकडे ग्राहकाच्या फोनमध्ये पुन्हा जोडण्यासाठी प्रत्येकात थोडी जागा राखून ठेवावी लागते, त्यामुळे मराठीत एका तुकड्याला ६७ चिन्हेच उरतात. दोन तुकड्यांत १३४, तीन तुकड्यांत २०१.

‘चिन्हे’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. ‘ग्राहक’मध्ये आपल्याला तीन अक्षरे दिसतात, यंत्र मात्र सहा मोजते: ग, हलन्ताची खूण, र, काना, ह, क. ‘स्त्री’ हे एकच अक्षरही सहा चिन्हांचे होते. वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार यांतले प्रत्येक चिन्ह वेगळी जागा घेते. या हिशेबाने वरचा मेसेज १६२ चिन्हांचा आहे. त्यातली पहिली ७० चिन्हे ‘तुमच्यासाठी’ या शब्दाशी संपतात. म्हणजे एका एसएमएसची पूर्ण जागा नमस्कार-चमत्कारात गेली आणि सलून काय देते आहे, ते अजून सांगायचेच आहे.

कात्री इथूनच लागली पाहिजे. ‘प्रिय ग्राहक’, ‘सणासुदीच्या निमित्ताने’, ‘तुमच्यासाठी खास’, ‘तब्बल’, ‘ही संधी दवडू नका’ यांतले काहीही काढले तरी ग्राहकाचे काही अडत नाही. ‘अटी लागू’सुद्धा ग्राहकाला काहीच सांगत नाही. अट खरी असेल तर तीच लिहावी, आणि इथे खरी अट तारखेची आहे. ‘३०% सूट’पेक्षा ‘700 ऐवजी 490’ हे जास्त उपयोगी, कारण सूट कशावर हे ग्राहकाला माहीत नसते आणि किंमत मात्र लगेच कळते. राहिले फेशियल. दोन सेवांच्या दोन किमती घातल्या की मजकूर पुन्हा फुगतो, म्हणून एका मेसेजमध्ये एकच सेवा ठेवावी. फेशियलचा मेसेज वेगळ्या आठवड्यात जाऊ शकतो.

त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे मेसेज बंद करण्याची सोय. इंटरनेटवर तयार नमुने शोधले की शेवटी ‘Reply STOP’ हमखास सापडते. ते अमेरिकेतून आलेले आहे. तिथे जाहिरातीचे मेसेज अशा नंबरांवरून येतात, ज्यांना उलट उत्तर पाठवता येते. ग्राहकाने STOP लिहून पाठवले की पाठवणाऱ्याला ते मिळते, आणि २०२५पासून लागू झालेल्या तिथल्या नियमानुसार अशी विनंती जास्तीत जास्त कामकाजाच्या दहा दिवसांत पाळावी लागते. भारतात जाहिरातीचा एसएमएस नोंदणी केलेल्या हेडरवरून येतो, म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी सहा अक्षरे किंवा आकडे आणि शेवटी -P अशी खूण दिसते. ही खूण जाहिरातीची, आणि ती २०२५मध्ये आली. अशा हेडरला उत्तर पाठवता येत नाही. म्हणून इथे ‘Reply STOP’ लिहिणे म्हणजे ग्राहकाला बंद दार दाखवणे. तो STOP लिहितो, मेसेज जात नाही, पुढच्या आठवड्यात सलूनचा मेसेज पुन्हा येतो आणि चिडून तो १९०९वर तक्रार करतो.

दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्रायने फेब्रुवारी २०२५मध्ये २०१८च्या नियमांत दुरुस्ती केली आणि जाहिरातीच्या मेसेजमध्ये तो बंद करण्याचा पर्याय देणे बंधनकारक केले. १९०९ची सोय आधीपासून आहेच, पण ती मोठी चाळणी आहे. तिथे ग्राहक सगळ्याच जाहिराती किंवा त्यांचे प्रकार बंद करतो. एखाद्याला बँकेच्या ऑफर हव्या असतील आणि फक्त या सलूनचे मेसेज नको असतील, तर त्याला सलूननेच रस्ता दिला पाहिजे.

रस्ते दोन-तीन आहेत. लिंक देता येते, पण अनोळखी लिंक उघडायला लोक घाबरतात, आणि ते योग्यच आहे. शिवाय ऑक्टोबर २०२४पासून मेसेजमधली प्रत्येक लिंक आधी नोंदवून घ्यावी लागते, नाहीतर मेसेज वाटेतच अडतो. एखाद्या नंबरवर एसएमएस करायला सांगता येते, पण ती सूचना लांबते. छोट्या सलूनसाठी मिस्ड कॉल सोपा. ग्राहकाला खर्च नाही, टाइप करायची कटकट नाही आणि आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना तो ठाऊक आहे. मात्र हा नंबर अपॉइंटमेंटच्या नंबरपेक्षा वेगळा हवा. एकच असेल तर कोण हेअर स्पासाठी फोन करत होते आणि कोणाला मेसेज नको आहेत, हे काउंटरवरच्या मुलीला कळणार नाही. आपण निवडलेला मार्ग चालेल का, तेही टेम्पलेट नोंदवण्याआधी बल्क एसएमएस कंपनीला विचारून घ्यावे.

आता नवा मजकूर:

```
रूपा सलून, कोथरूड: हेअर स्पा 700 ऐवजी 490 रु, 20 ऑक्टोबरपर्यंत. वेळ घ्या: 98XXXXXX01. मेसेज नकोत? मिस्ड कॉल द्या: 98XXXXXX02
```

ही १२४ चिन्हे, म्हणजे दोन एसएमएस. खर्च एक तृतीयांशाने कमी झाला आणि आधी नसलेल्या चार गोष्टी आत आल्या: किंमत, तारीख, फोन आणि बंद करण्याची सोय. फोन नंबर इंग्रजी आकड्यांत ठेवले आहेत. बहुतेक फोनमध्ये त्यावर बोट टेकले की थेट कॉल लावता येतो.

हाव धरली तर मजकूर ७०च्या आतही आणता येतो:

```
रूपा सलून: हेअर स्पा 490 रु, 20/10 पर्यंत. नकोत? 98XXXXXX02
```

चिन्हे ५९, एसएमएस एक. पण ‘नकोत?’ म्हणजे काय नकोत, आणि त्या नंबरवर फोन करायचा की मेसेज पाठवायचा, हे कोणाला कळणार? घाईत वाचणारा तो अपॉइंटमेंटचाच नंबर समजेल. बंद करण्याच्या सूचनेत तीन गोष्टी लागतातच: काय बंद होणार, काय करायचे आणि कोणत्या नंबरवर. त्यातली एकही कापू नये. जागा हवीच असेल तर ती आधीच्या भागातून काढावी.

पैसे वाचवण्याची दुसरी वाट म्हणजे तोच मजकूर रोमन लिपीत लिहिणे:

```
Rupa Salon, Kothrud: Hair spa 700 aivaji 490 Rs, 20 Oct paryant. Vel ghya: 98XXXXXX01. Message nakot? Missed call dya: 98XXXXXX02
```

ही १२९ अक्षरे १६०च्या आत एका एसएमएसमध्ये बसतात. इथे एक सापळा आहे. ‘490 Rs’च्या जागी ‘₹490’ लिहिले तर दोन अक्षरे वाचतात आणि खर्च दुप्पट होतो. रुपयाचे चिन्ह सात बिटांच्या तक्त्यात नाही, त्यामुळे त्या एका चिन्हापायी सगळा मजकूर सोळा बिटांत जातो आणि मर्यादा १६०वरून ७०वर येते. वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हे, लांब रेघ आणि इमोजी हेच करतात. ओळखायची खूण सोपी आहे: कंपनीच्या पोर्टलवर मजकूर टाकला की तो युनिकोड आहे का आणि किती भागांचा आहे, ते तिथे दिसते. पूर्ण रोमन मजकुरापुढे ‘युनिकोड’ दिसले, तर आत काहीतरी घुसले आहे. तरीही मराठी वाचणाऱ्या ग्राहकांसाठी देवनागरीचे दोन एसएमएस हीच चांगली निवड आहे. ‘Vel ghya’ वाचताना अडखळणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि मेसेज नको म्हणण्याची सोय सगळ्यात आधी नीट वाचता आली पाहिजे.

शेवटचा अडथळा टेम्पलेटचा. भारतात मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि बदलणाऱ्या जागी ठरलेली खूण लिहितात. सेवा, किमती आणि तारीख अशा बदलत्या ठेवल्या, तर सणागणिक नवी मंजुरी लागत नाही. बंद करण्याची ओळ मात्र पक्क्या मजकुरातच हवी, म्हणजे घाईगडबडीत कोणी ती गाळू शकणार नाही. पण बदलत्या शब्दांची लांबीही बदलते. ‘हेअर स्पा’च्या जागी ‘केरॅटिन ट्रीटमेंट’ आणि ‘3500 ऐवजी 2450’ घातले, तर १२४ची बरोबर १३४ चिन्हे होतात. त्यात ऑक्टोबरचा नोव्हेंबर झाला की १३६ आणि बिल तीन एसएमएसचे. म्हणून टेम्पलेट मोजताना सर्वांत लांब सेवा, चार आकडी किंमत आणि ‘नोव्हेंबर’ घालून मोजावे. या टेम्पलेटमध्ये ‘कोथरूड’ किंवा ‘द्या’ काढला की जागा होते. एकच शाखा असलेल्या सलूनने ‘कोथरूड’ काढायला हरकत नाही, ‘द्या’ राहू द्यावा.

पाठवण्याआधी मेसेज स्वतःच्या फोनवर मागवावा आणि सलूनशी संबंध नसलेल्या एखाद्याला दाखवून विचारावे: हे मेसेज नको असतील तर काय कराल? उत्तर लगेच आले नाही तर मजकूर अजून तयार नाही. मेसेज गेल्यावर दुसऱ्या नंबरवरचे मिस्ड कॉल त्याच संध्याकाळी यादीतून काढून टाकावेत, आणि कंपनीकडे दिलेल्या यादीतूनही.