अर्धे-अर्धे, पण कोणते अर्धे?

पोलरॉइड गॉगल डोळ्यांवर न चढवता हातात धरा आणि त्याच्या एका काचेतून लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनकडे बघत तो सावकाश फिरवा. एका कोनात स्क्रीन स्वच्छ दिसते, तिथून पाव फेरी झाली की जवळजवळ काळी पडते. आता तसाच घरातल्या साध्या बल्बकडे बघत फिरवा. काहीच बदलत नाही. बल्ब जेवढा मंद दिसत होता, तेवढाच दिसत राहतो.

प्रकाशाची लहर ज्या दिशेला जाते तिच्या आडव्या अंगाने ती कंप पावते, आणि पोलरॉइडची काच त्यातल्या एकाच दिशेचं कंपन आरपार सोडते. प्रकाश एकेका कणाने, फोटॉनने येतो असं मानलं, तर काचेपुढे त्या कणाला दोनच वाटा उरतात: जाणं किंवा अडणं. काच उभी आणि कणाचं कंपन ४५ अंशांत तिरपं असेल, तर जाण्याची शक्यता बरोबर निम्मी.

समजा, दोन यंत्रं आहेत. पहिलं प्रत्येक फोटॉन ४५ अंशांत तिरपा सोडतं. दुसरं दर वेळी नाणेफेक करतं: छापा आला तर उभा फोटॉन, काटा आला तर आडवा. दोन्हींसमोर उभी काच धरली आणि हजार-हजार फोटॉन सोडले, तर दोन्हीकडे सुमारे पाचशे पार होतील. एवढ्यावरून कोणतं यंत्र कुठलं, हे सांगता येणार नाही. पण काच ४५ अंशांत वळवली की पहिल्याचे हजारच्या हजार पार होतात आणि दुसऱ्याचे पाचशेच. पहिल्यात लपलेलं काही नव्हतं, आपण प्रश्न चुकीच्या कोनातून विचारत होतो. ही शुद्ध अवस्था. दुसऱ्यात नाण्याचं गुपित आहे, म्हणून ते मिश्रण.

हा फरक कागदावर नेमका मांडायला डेन्सिटी मॅट्रिक्स लागतो. आपल्या फोटॉनसाठी तो चार घरांचा चौकोन असतो:

```
तिरपा           मिश्रण
०.५   ०.५       ०.५   ०
०.५   ०.५       ०     ०.५
```

डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या कर्णावर उभा आणि आडवा सापडण्याच्या शक्यता आहेत, त्या दोन्हीकडे सारख्याच. फरक उरलेल्या दोन घरांत आहे. ‘उभा’ आणि ‘आडवा’ या दोन पर्यायांचा एकमेकांशी ताल जमलेला आहे की नाही, ते तिथे नोंदलं जातं. नाणेफेकीने तो ताल पुसून टाकला.

गंमत पुढे आहे. तिसरं यंत्र नाणं उडवून उभा-आडवा न सोडता ४५ किंवा १३५ अंशांतला फोटॉन सोडतं. हिशेब केला तर त्याचाही मॅट्रिक्स हुबेहूब मिश्रणासारखाच येतो. म्हणजे फोटॉनवर कोणतंही मोजमाप केलं तरी दुसरं आणि तिसरं यंत्र वेगळं ओळखता येणार नाही. भेळ तयार झाल्यावर आधी कुरमुरे पडले की शेव, हे कोण सांगणार! वेगळ्या पाककृतींचे किरण मोजमापात एकच ठरू शकतात, हे प्रकाशाच्या बाबतीत स्टोक्सने १८५२ मध्येच दाखवलं होतं. क्वांटम सिद्धांतात हा मॅट्रिक्स फॉन नॉयमन आणि लांडाऊ यांनी स्वतंत्रपणे १९२७ मध्ये आणला.

इथे एक सापळा आहे. काच फिरवूनही उजेड बदलला नाही, म्हणजे मिश्रणच, असं म्हणायची घाई करू नये. वर्तुळाकार ध्रुवणाच्या प्रकाशात कंपनाची दिशा स्वतःच गोल फिरत असते. कोणत्याही कोनातली काच त्याचे निम्मेच फोटॉन सोडते, तरीही तो पूर्ण शुद्ध असतो. तो पकडायला काचेआधी क्वार्टर-वेव्ह प्लेट ठेवावी लागते. ती त्याचं फिरणं सरळ कंपनात बदलते, मग काच योग्य कोनात आणली की सगळे पार. बल्बचा प्रकाश त्या प्लेटनंतरही निम्माच जातो. म्हणून खात्री करायची तर मोजमापं तीन लागतात: उभं-आडवं, ४५-१३५ आणि डावं-उजवं वर्तुळ.

प्रत्यक्षात बहुतेक प्रकाश या दोन टोकांच्या मधला असतो. समजा, उभ्या काचेतून हजारातले ५०० गेले, ४५ अंशांच्या काचेतून ८००, आणि वर्तुळाच्या चाचणीत पुन्हा ५००. मग कोपऱ्यातला आकडा ०.८ आणि ०.२ यांच्या फरकाच्या निम्मा, म्हणजे ०.३. चारही घरांतल्या आकड्यांचे वर्ग करून मिळवा: ०.२५ + ०.२५ + ०.०९ + ०.०९ = ०.६८. ही त्याची शुद्धता. पूर्ण शुद्ध अवस्थेला १ येतो, बल्बला ०.५. प्रयोगशाळेतल्या तिरप्या फोटॉनचा आकडा असा घसरलेला दिसला, की वाटेत कुठेतरी ताल बिघडला हे कळतं.

पण ०.५ आलं म्हणजे कोणीतरी नाणं उडवलंच असेल असं नाही. काही स्फटिकांमधून फोटॉनची गुंतलेली जोडी मिळते. गुंतणूक पूर्ण असेल, तर त्यातला एकच फोटॉन वेगळा काढून तपासला की तो थेट बल्बसारखा वागतो, शुद्धता ०.५. दोघांचा मिळून मॅट्रिक्स लिहिला, तर तीच शुद्धता १ भरते. त्या जोडीत कुठलंही नाणं नव्हतं, फक्त आपण अर्धीच जोडी पाहत होतो.