प्रोजेक्ट संपला, हिशेब बाकी आहे

‘प्रोजेक्ट 31 तारखेला संपत आहे. त्यानंतर आपल्या एजन्सीमार्फत नेमलेल्या कर्मचाऱ्यांची आवश्यकता राहणार नाही.’ अशी दोन ओळींची मेल व्हॉट्सअॅप ग्रुपवर फॉरवर्ड होऊन तुमच्यापर्यंत आली असेल, तर आधी ‘प्रति’ कोणाला आहे ते बघा. बहुतेक वेळा ती एजन्सीला असते आणि तुम्ही फक्त ‘प्रत माहितीसाठी’मध्ये असता. कारण रोज जिच्या गेटमधून आत जाता ती कंपनी कागदावर तुमची मालक नसते, एजन्सी असते. कंपनी एजन्सीसोबतचा करार संपवते. तुमची नोकरी संपवायची तर एजन्सीने तुम्हाला वेगळं पत्र द्यायला हवं. ते मागून घ्या आणि फॉरवर्ड झालेली मेलही जपून ठेवा. तुम्ही कोणाच्या कामावर होता, याचा तो पुरावा आहे.

खरी गंमत (म्हणजे गंमत नाहीच) पुढे सुरू होते. एजन्सीच्या एचआरचा फोन येतो, ‘प्रोसेससाठी एक राजीनाम्याची मेल टाक ना, फॉर्मॅलिटी आहे.’ ही फॉर्मॅलिटी महाग पडू शकते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका बँकेच्या जुन्या फाइल्स स्कॅन करण्याच्या प्रोजेक्टवर तुम्ही सलग 14 महिने काम केलंत आणि रोजचा पगार 700 रुपये पडतो. शेवटच्या महिन्यात 17 दिवस भरले, त्याचे 11,900. शिल्लक रजा 8, त्याचे 5,600. म्हणजे 17,500 रुपये हातात यायला हवेत. पण एजन्सीच्या फुल अँड फायनल शीटवर 15,400 दिसतात. खाली बारीक अक्षरात ‘नोटीस रिकव्हरी : 3 दिवस, 2,100’ असं लिहिलेलं असतं. काम बंद केलं कंपनीने आणि नोटीस कमी दिली म्हणून पैसे कापले तुमचे! हे होतं कसं? तुमच्या राजीनाम्याच्या मेलमुळे सिस्टिममध्ये सोडण्याचं कारण ‘राजीनामा’ असं पडलेलं असतं. मग नोटिशीचे दिवस तुमच्याकडूनच वसूल होतात.

कापलेले 2,100 तरी दिसतात. न दिसणारं नुकसान मोठं आहे. नेमणूकपत्रात शेवटची तारीख नसेल, एक वर्षाहून जास्त सलग काम झालं असेल आणि एजन्सीनेच कमी केलं असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार मागता येतो. त्याशिवाय दर वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मागता येतो. आपल्या उदाहरणात ही भरपाईच साधारण 10,500 होते. राजीनामा दिलात की हा दावा गेला. पत्रात ठरावीक मुदत लिहिलेली असेल आणि ती संपली असेल, तर मात्र ही भरपाई मिळत नाही. म्हणून नेमणूकपत्र आत्ताच शोधून ठेवा. मेलला उत्तर द्यायचंच असेल तर ‘प्रोजेक्ट संपल्याचं पत्र मिळालं’ एवढंच लिहा.

आता तारखेचं. ‘45 दिवसांत क्रेडिट होईल’ हे एजन्सीचं ठरलेलं वाक्य आहे. 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या वेतन संहितेचं कलम 17 मात्र सांगतं, की कामावरून कमी केलेल्याचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. शेवटचा दिवस बुधवार असेल, तर शुक्रवारपर्यंत. राजीनामा दिला असला तरी मुदत तीच, त्यामुळे ‘तू स्वतः सोडलंस’ ही सबब इथे चालत नाही.

आणि एजन्सीने फोन उचलणंच बंद केलं तर? याच संहितेच्या कलम 43 प्रमाणे एजन्सीने पैसे दिले नाहीत, तर ज्या आस्थापनेत तुम्ही काम केलं तिच्या मालकावर ती जबाबदारी येते. म्हणून थकबाकीची मेल एजन्सीला लिहिताना कंपनीच्या एचआरलाही प्रत पाठवा. बऱ्याच कंपन्या एजन्सीचं शेवटचं बिल पास करण्याआधी ‘कामगारांची देणी दिली’ असं लेखी घेतात. तुमची मेल त्या आधी पोहोचली, तर ते बिल अडू शकतं. त्यामुळे ती शेवटच्या आठवड्यातच गेलेली बरी.

पैसे खात्यात येण्याआधी ‘माझी कोणतीही देणी बाकी नाहीत’ या कागदावर सही करू नका. रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवलं, सही करावीच लागली, तर सहीशेजारी तारीख आणि ‘रक्कम अद्याप मिळालेली नाही’ असं हाताने लिहा आणि त्याचा फोटो काढा. तरीही पैसे आले नाहीत, तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करा. दाव्यासाठी मुदत तीन वर्षांची आहे, पण हजेरीचे स्क्रीनशॉट इतके दिवस फोनमध्ये राहत नाहीत. कंपनीचा लॉगिन बंद होण्याआधीच ते काढून घ्या.