हातोड्याचा घाव कोणत्या रेसवर?

विहिरीवरची मोटर दुरुस्त होऊन येते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा घरघरू लागते. बेअरिंगच हलक्या दर्जाचं होतं, असं सगळे म्हणतात. पण पुष्कळदा ते चांगलं असतं. त्याचं नुकसान बसवतानाच झालेलं असतं.

दोन हॉर्सपॉवरच्या अनेक मोटरींत 6205 क्रमांकाचं बेअरिंग असतं. त्याचं आतलं भोक 25 मिलिमीटरचं, बाहेरचा व्यास 52. आतली रेस शाफ्टबरोबर फिरते, म्हणून ती घट्टच हवी. सैल राहिली तर शाफ्टवर घसरत त्याला झिजवते. त्यासाठी शाफ्ट भोकापेक्षा किंचित जाड ठेवतात. हा फरक जास्तीत जास्त 25 मायक्रॉन, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा तिसरा हिस्सा. बाहेरची रेस मात्र हाउसिंगमध्ये हाताने सरकेल इतपत मोकळी असते.

आता घाईतला कारागीर काय करतो? बेअरिंग शाफ्टच्या टोकावर ठेवतो आणि बाहेरच्या रेसवर हातोडा मारतो, कारण ती मोठी आणि समोर दिसणारी. अडलेली असते आतली रेस. तिला पुढे ढकलणारं बळ मग छर्ऱ्यांमधून जातं. छर्रा रेसला अगदी ठिपक्याएवढ्या जागेत टेकतो, त्यामुळे तिथला दाब प्रचंड वाढतो आणि कडक पोलादातही खड्डा पडतो. 6205 मध्ये सहसा नऊ छर्रे असतात. असं बेअरिंग कापून पाहिलं, तर रेसच्या खाचेत एका कडेला, छर्ऱ्यांच्याच अंतरावर, खुणा सापडतात. कापण्याआधीही बोटांना कळतं: हळू फिरवताना ते ठरावीक अंतरावर अडखळतं.

म्हणून नियम एकच: जी रेस घट्ट बसायची, तिच्यावरच जोर द्यायचा. शाफ्टवर चढवताना फक्त आतल्या रेसला टेकणारा, तोंड काटकोनात कापलेला पाइपचा तुकडा घ्यायचा आणि प्रेसने सरळ दाबायचं. मोटारसायकलच्या चाकात उलटं असतं. तिथे हब फिरतो, बाहेरची रेस घट्ट असते, म्हणून जोरही तिच्यावरच. दोन्ही रेस एकदम घट्ट बसणार असतील, तर दोघींना एकाच वेळी टेकणारी सपाट चकती लागते.

दाबण्याआधी शाफ्टच्या कडेवरचा बर काढून तेलाचा पातळ हात फिरवावा. बेअरिंग तिरकं लागलं तर तसंच रेटू नये. काढून पुन्हा सरळ धरावं.

जोर टाळायचा असेल तर उष्णता कामी येते. बेअरिंग 80 अंशांनी तापवलं की 25 मिलिमीटरचं भोक सुमारे 24 मायक्रॉनने मोठं होतं आणि शाफ्टवर जवळजवळ आपोआप सरकतं. इंडक्शन हीटर किंवा तेलाची कढई चालते. गॅसची ज्योत नको, ती एकाच जागी पोलादाला नरम करते. तापमान 120 अंशांपुढे नेऊ नये. दोन्ही बाजूंनी सील असलेलं, आत ग्रीस भरलेलं बेअरिंग तेलात बुडवू नये आणि 80 अंशांच्या पुढेही नेऊ नये. चढवल्यावर ते थंड होईपर्यंत शाफ्टच्या खांद्याला दाबून धरावं लागतं, कारण निवताना त्याची रुंदीही आकसते आणि खांद्यापाशी फट राहू शकते.