मालडबा कोणत्या देशाचा?

युरोपातल्या मालगाडीच्या बहुतेक डब्यांवर बारा आकडी क्रमांक रंगवलेला असतो. तो बहुधा तीन ओळींत असतो. उदाहरणार्थ, वर ३१, मधे ८० आणि खाली ०६९१ २३५-२. मधल्या ओळीतले ८०, म्हणजे क्रमांकातला तिसरा आणि चौथा आकडा, नोंदणीचा देश सांगतात. ८० म्हणजे जर्मनी. ८१ ऑस्ट्रिया, ८४ नेदरलँड्स, ८५ स्वित्झर्लंड, ८७ फ्रान्स आणि ५१ पोलंड. शेजारी देशाचे अक्षरही असते, जर्मनीसाठी ‘डी’. त्यापुढे डबा सांभाळणाऱ्या कंपनीची खूण येते.

हे आकडे वाचताना चूक झाली तर शेवटचा आकडा ती पकडतो. पहिल्या अकरा आकड्यांना डावीकडून क्रमाने २, १, २, १ असे गुणायचे. गुणाकार दोन आकडी आला, तर त्याचे आकडे सुटे धरायचे. १६ चे १ आणि ६. सगळ्यांची बेरीज इथे ३८ होते. पुढच्या दशकाला, म्हणजे ४० ला, २ कमी पडतात. म्हणून शेवटी २. कुणी ८० ऐवजी ८४ टिपले, तर बेरीज ४२ होईल आणि शेवटी ८ हवा. डब्यावर मात्र २ आहे, म्हणजे नोंद चुकली.

पूर्वी हा संकेतांक रेल्वे कंपनीचा असे, आता तो देशाचा आहे. त्यामुळे ८० वरून फक्त नोंदणी कळते. मालक कोण किंवा डबा सध्या कुठे धावतो आहे, हे त्यातून कळत नाही.