छतावरची सौर वीज: किमान किती बचत हवी?

छतावर सौर पॅनेल बसवायला अनुदान वजा जाता खिशातून 1 लाख रुपये जाणार, असे धरू. विक्रेता सांगतो, ‘वर्षाला इतके वाचतील.’ तो आकडा बाजूला ठेवून मी उलटे विचारते: किती वाचले तर हा खर्च परवडेल?

पॅनेल 20 वर्षे चालेल असे धरून लाखाला 20 ने भागून वर्षाला 5,000 म्हणणे चूक आहे. हेच पैसे दुसरीकडे 8 टक्के मिळवत असतील, तर पुढच्या वर्षी वाचणारा रुपया आज सुमारे 93 पैशांचाच, विसाव्या वर्षीचा जेमतेम 21 पैशांचा. दरवर्षी एक रुपया याप्रमाणे वीसही वर्षांची आजची किंमत जोडली की 9.82 येते. लाखाला या आकड्याने भागा: सुमारे 10,185 रुपये. थेट दुप्पट!

शिवाय इन्व्हर्टर. दहाव्या वर्षी तो बदलायला 30,000 लागले, तर त्यांची आजची किंमत सुमारे 13,900. ती मिळवून भागले की उंबरठा 11,600 वर जातो. युनिटला 8 रुपये वाचत असतील, तर वर्षाला 1,450 युनिट, म्हणजे महिन्याला साधारण 120.

आता गेल्या वर्षाची बिले काढा. वापरच महिन्याला 80 युनिटांचा असेल, तर पॅनेलने कितीही वीज बनवली तरी बिलातली बचत तिथवर पोहोचणार नाही.