‘तुझी आठवण आली’ असं लिहून गेल्यावर

मार्च अखेर होती. रात्रीचे पावणेअकरा वाजले होते आणि एका पुरवठादाराचं खातं काही केल्या जुळत नव्हतं. फरक 18,450 रुपयांचा. ते खातं वर्षभर सांभाळणारी माझी सहकारी भावाच्या लग्नासाठी कोल्हापूरला गेली होती. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि माझ्याच हाताखाली काम करणारी. मी फोन उचलला आणि व्हॉट्सअॅपवर लिहिलं, ‘आज तुझी खूप आठवण आली. तुझ्याशिवाय काही खरं नाही.’ शेवटी हसरा चेहरा टाकायला गेलो, तर बोट शेजारच्या चेहऱ्यावर पडलं. मुलीला रोज रात्री पाठवत असल्यामुळे तो यादीत सगळ्यात पुढे होता: एक डोळा मिटलेला, ओठांतून बदाम सुटणारा.

मेसेज गेला, आणि वाचल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

त्या चेहऱ्यावर सगळं खापर फोडणं सोपं आहे. पण तो काढून टाकला, तरी उरलेली दोन वाक्यं सरळ राहत नाहीत. मराठीत ‘आठवण’ एकच, पण क्रियापद बदललं की ती वेगळी होते. ‘तुझी आठवण झाली’ म्हणजे एखाद्या निमित्तानं तू डोळ्यांपुढे आलीस. ‘तुझी आठवण आली’ यात हुरहूर मिसळते, आणि ‘खूप’ जोडलं की ती वाढतेच. समोरासमोर हेच बोललो असतो, तर हातातली फाईल आणि वैतागलेला आवाज यांनी अर्थ सांगितला असता. रात्री पावणेअकराला फोनच्या पडद्यावर ना फाईल दिसते, ना आवाज ऐकू येतो. तिथे दिसते ती फक्त वेळ.

प्रत्ययांचंही तसंच. ‘साडी छान होती’ हे साडीबद्दल आहे. ‘साडीत छान दिसत होतीस’ म्हटलं की बोलणं साडीवरून नेसणारीवर जातं. लिहिणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात, वाचणारीला तशी वाटत नाहीत. म्हणून दुरुस्त करायला बसण्याआधी नेमका कोणता शब्द वाकडा गेला हे शोधावं. ते कळलं नाही, तर माणूस सरसकट माफी मागत सुटतो आणि संशय वाढवतो.

माझं पहिलं बोट ‘डिलीट’कडे गेलं होतं. व्हॉट्सअॅपवर मेसेज पाठवल्यापासून 15 मिनिटं तो बदलता येतो आणि दोन दिवसांहून थोडा अधिक काळ सगळ्यांसाठी पुसता येतो. पण बदलला तर खाली ‘एडिटेड’ दिसतं, आणि पुसला तर मेसेज पुसल्याची खूण तिथेच राहते. वरिष्ठानं रात्री काहीतरी पाठवून पुसलं, ही गोष्ट मूळ मेसेजपेक्षा जास्त अस्वस्थ करू शकते. टिका निळ्या झाल्या नाहीत म्हणून वाचलं नसेल, असंही धरून चालता येत नाही. काहींनी ती सोय बंद ठेवलेली असते, आणि बंद पडद्यावर आलेली सूचना वाचली तर टिका निळ्या होतच नाहीत. एकच टिक असेल, म्हणजे मेसेज तिच्या फोनपर्यंत पोचलाच नसेल, तेव्हा पुसणं ठीक. तरीही काय पुसलं हे लगेच एका ओळीत सांगावं. दोन टिका दिसत असतील, तर मूळ मेसेज राहू द्यावा आणि त्याच्याच खाली दुरुस्ती लिहावी.

माझ्या फोनवर दोन टिका होत्या. मी लिहायला घेतलं आणि पहिला मसुदा असा झाला: ‘अगं सॉरी सॉरी, प्लीज गैरसमज करून घेऊ नकोस, मी तसा माणूस नाही, तू मला लहान बहिणीसारखी आहेस.’

तो पाठवला नाही हे बरं झालं, कारण त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं. ‘गैरसमज करून घेऊ नकोस’ म्हटलं की चूक तिच्या समजण्यात होते, माझ्या लिहिण्यात राहत नाही. ‘मी तसा नाही’ म्हटलं की ‘तसा’ म्हणजे कसा, हा विचार मीच तिच्या डोक्यात घालतो. आणि बहिणीचा हवाला तर आपल्याकडे फार सहज दिला जातो. तिनं ते नातं मागितलेलं नसतं, शिवाय आता ‘नाही हो सर, मला तसं काही वाटलं नाही’ असं म्हणून मला धीर देण्याचं ओझंही तिच्यावर पडतं.

शेवटी पाठवला तो मेसेज असा: ‘आधीचा मेसेज घाईत आणि चुकीच्या शब्दांत गेला, सॉरी. शेवटचं चिन्हही चुकून पडलं. पुरवठादाराच्या खात्यात 18,450चा फरक येतोय, तुझी मदत लागली असती, एवढंच म्हणायचं होतं. तू रजेवर आहेस, उत्तराची गरज नाही. आम्ही बघतो.’

यात चूक कुठे झाली ते नाव घेऊन सांगितलं आहे आणि खरा अर्थ कामाच्या तपशिलासह दिला आहे. ‘कामाबद्दल म्हणत होतो’ एवढं मोघम लिहिलं असतं, तर ते सारवासारव वाटलं असतं. फरकाच्या आकड्यानं तसं वाटू दिलं नाही. उत्तराचा दरवाजा तिच्या मर्जीवर सोडला आहे. मी तिला एरवी ‘तू’च म्हणतो, म्हणून इथेही ‘तू’च ठेवलं. अचानक ‘तुम्ही’वर गेलो असतो, तर काहीतरी बिनसलंय असं वाटलं असतं. हसरे चेहरे मुद्दाम टाळले.

दुरुस्ती एकदाच करायची असते. ‘वाचलंस ना?’, ‘राग नाही ना आला?’ असे मेसेज पाठवले, रात्री फोन केला किंवा सकाळी केबिनमध्ये बोलावून दार लावलं, तर जे सावरलं तेच पुन्हा उसवतं. त्यातही हाताखालची व्यक्ती ‘इट्स ओके सर’ म्हणाली, तर त्याचा अर्थ सगळं ठीक आहे असा नेहमीच नसतो. नंतर तिनं थेट लिहिणं थांबवलं, साध्या प्रश्नालाही ग्रुपवरच उत्तर दिलं, मीटिंगनंतर एकटी मागे राहणं टाळलं, तर अवघडलेपण उरलं आहे असं समजावं. मग सगळ्यांच्या नजरेसमोर, एका वाक्यात, ‘त्या रात्रीचा मेसेज माझी चूक होती’ एवढं म्हणून बाजूला व्हावं. आणि तिनं ‘मला ते आवडलं नाही’ असं सांगितलं, तर हेतूवर वाद घालू नये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013चा कायदा, वागणं समोरच्या स्त्रीला नकोसं होतं का, हे पाहतो. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावी लागते, आणि घटनेपासून तीन महिन्यांत तिथे लेखी तक्रार करता येते. चुकून गेलेला एखादा मेसेज लगेच तिथवर जातो असं नाही, पण पुसापुशी आणि पाठपुरावा यांनी तो तिकडे सरकू शकतो.

हे सगळं चालतं ते खरोखरच्या चुकीला. मनात काही ठेवून मेसेज टाकायचा आणि उत्तर थंड आलं की ‘चुकून गेला’ म्हणायचं, याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

मला रात्रभर उत्तर आलं नाही. मीही काही पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला: ‘सर, त्यांचं डिसेंबरचं एक बिल दोनदा चढलंय का बघा. मला वाटतं तेवढ्याच रकमेचं होतं.’ मी डिसेंबर उघडला. बिल 18,450चंच होतं, दोनदा चढलेलं.